दोन अहवाल आणि एक पत्र

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली की घरातली माणसं मोकळी होतात. कागद घडी करून कपाटात जातो आणि विषय संपतो. यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करताना मी असे पुष्कळ कागद पाहिले. त्यातल्या एका कागदामुळे मला एका जोडप्याला सविस्तर पत्र लिहावं लागलं. ते पत्र कसं लिहिलं, त्यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी ठेवलं, हे सांगावंसं वाटतं. अशी पत्रं आपल्याकडे क्वचित लिहिली जातात. अहवाल हातात पडतो, आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ शेजारीपाजारी लावतात.

जोडपं घाटंजीकडचं. लग्नाला वर्ष होत आलेलं, आता मूल हवं होतं. ती सिकलसेलची वाहक आहे हे तिला शाळेतल्या तपासणीपासून माहीत होतं. तिच्या मामाच्या मुलाला हा आजार होता. तापानं फणफणलेला, हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडणारा मुलगा तिनं लहानपणी जवळून पाहिला होता. नवऱ्याची सोल्युबिलिटी लग्नाआधी झाली होती आणि ती निगेटिव्ह होती. एक वाहक आणि एक निरोगी, म्हणजे मूल फार तर वाहक होईल, आजारी होणार नाही, या हिशेबानं लग्न ठरलं. दिलेल्या माहितीवर तो हिशेब बरोबरच होता. माहिती मात्र अर्धी होती.

सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात. त्या द्रावणात रक्तातला प्राणवायू निघून जातो, आणि हिमोग्लोबिन ‘एस’ जातीचं असेल तर ते विरघळत नाही. नळी गढूळ होते, मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. स्वस्त, झटपट, गावात करता येण्याजोगी चाचणी आहे. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: रक्तात ‘एस’ आहे का? असेल तर माणूस वाहक आहे की आजारी, हे तिला सांगता येत नाही. आणि ‘एस’ नसेल तर दुसरा काही फरक आहे का, हेही तिला कळत नाही. नवऱ्याची नळी स्वच्छ राहिली याचा अर्थ एवढाच होता की त्याच्यात ‘एस’ नाही.

मूल हवं म्हणून दोघं तपासणीला आले तेव्हा नवऱ्याचा रक्तगणनेचा कागद सोबत होता. हिमोग्लोबिन १२.१. त्याला दोनदा लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या आणि फरक पडला नव्हता. त्याच कागदावर पुढे लाल पेशींची संख्या होती, एका मायक्रोलिटरमागे सुमारे ६२ लाख. आणि पेशीचा सरासरी आकार ६३. प्रौढ माणसात तो ८० च्या वर हवा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात खऱ्या, पण सहसा त्यांची संख्याही घटते. पेशी लहान आणि संख्येनं जास्त, हे चित्र बहुतेकदा बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात दिसतं. म्हणून दोघांचीही एचपीएलसी करायची ठरली. या चाचणीत यंत्रातून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होतात आणि प्रत्येकाची टक्केवारी मिळते.

तिच्या अहवालात ‘ए’ जास्त आणि ‘एस’ ३५ टक्के होतं. सिकलसेलचा वाहक असाच दिसतो: ‘एस’ असतं, पण ‘ए’पेक्षा कमी. त्याच्या अहवालात ‘एस’ नव्हतंच. मात्र ‘ए२’ नावाचा प्रकार ५.४ टक्के होता. ३.५ पर्यंत तो साधारण समजला जातो, ३.५ ते ४ ही शंकेची जागा. ५.४ वर शंका उरत नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला. म्हणजे दोघंही वाहक, फक्त वेगवेगळ्या गोष्टीचे. आणि या दोन गोष्टी एका मुलात एकत्र आल्या तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो. तो सिकलसेलचाच एक प्रकार आहे आणि पुष्कळदा तितकाच त्रासदायक असतो.

तोंडी सांगताना दोघं ऐकत होते, पण शब्द आत जात नव्हते. ती थोड्या वेळानं म्हणाली, “मॅडम, मंग आमाले लेकरू होऊच नये का?” तो म्हणाला, “देवानं लिहिलं असन ते होईन. कायले एवढ्या तपासण्या?” वरवर पाहता दोघं उलट बोलत होते. खरं तर दोघांचं म्हणणं एकच होतं: आता आपल्या हातात काही नाही. तिला वाटत होतं की दार बंद झालं, त्याला वाटत होतं की दाराकडे पाहण्यातच अर्थ नाही. पत्र लिहायला बसले तेव्हा दोघांनाही एकाच कागदात उत्तर द्यायचं होतं. शिवाय हा कागद घरी जाणार होता. घरात सासू होती, आणि “आमच्यात हे नाही, हे सुनेकडूनच आलं” हे वाक्य आधीच एकदा बोललं गेलं होतं.

पत्राची सुरुवात मी आकड्यांनी केली नाही. पहिला परिच्छेद असा होता:

“नमस्कार ताई, नमस्कार दादा. तुमच्या दोघांच्या रक्ताचे अहवाल आले आहेत. तुम्ही दोघंही आजारी नाही. ताई सिकलसेलच्या वाहक आहेत आणि दादा बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. हे जन्मापासून आहे, ते वाढत नाही आणि त्यासाठी रोजचं औषध लागत नाही. दादांनी लोहाच्या गोळ्या, लोह कमी असल्याचं तपासून कळल्याशिवाय, घेऊ नयेत. ताईंनी शेतात उन्हात काम करताना पाणी भरपूर प्यावं, आणि लघवीतून रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवून ‘मी सिकलसेलची वाहक आहे’ असं सांगावं.”

‘काहीही त्रास होत नाही’ असं सरसकट लिहिणं सोपं होतं. पण सिकलसेलच्या वाहकात क्वचित लघवीतून रक्त जातं, आणि पाणी न पिता अतिश्रम झाले तर धोका संभवतो. हे लपवलं आणि पुढे तसं घडलं, तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो. धीर द्यायचा असेल तर खरं सांगूनच दिलेला टिकतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा परिच्छेद घरासाठी होता. त्यात लिहिलं की प्रत्येक माणसाला हिमोग्लोबिनच्या ज्या भागात हे फरक होतात त्याचं जनुक दोन प्रतींत मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुम्हा दोघांची एक प्रत नेहमीची आहे आणि एक वेगळी. मूल आजारी होण्यासाठी दोघांच्याही वेगळ्या प्रती त्याच्याकडे जाव्या लागतात. एकट्या आईमुळे किंवा एकट्या वडिलांमुळे हा आजार होऊ शकत नाही. ही दोन वाक्यं मी ठळक अक्षरात केली. सासूबाईंना कुणी वाचून दाखवली तर निदान तेवढी कानावर पडावीत.

याच ठिकाणी थोडा इतिहास घातला. वैद्यकीय पत्रात इतिहास कशाला, असं एका सहकाऱ्यानं विचारलं होतं. पण आपल्याकडे ‘रक्तात दोष’ म्हटलं की कुणाच्या तरी पापाचा शोध सुरू होतो. त्याला खरं कारण सांगणं हेच उत्तर आहे. जिथे शतकानुशतकं मलेरिया होता, तिथे हे जनुकीय फरक टिकून राहिले. थॅलेसेमियाबद्दल हा तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले. सिकलसेलबद्दल अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून तेच दाखवून दिलं: वाहक मुलं गंभीर मलेरियातून जास्त वाचतात. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, म्हणजे विदर्भातलं हे वास्तव वैद्यकाला साठहून अधिक वर्षं ठाऊक आहे. पत्रात एवढं सगळं नव्हतं. तिथे एकच ओळ होती: “तुमच्या पूर्वजांना मलेरियाच्या मुलखात जगवणारा हा फरक आहे. तो कुणाच्या चुकीमुळे आलेला नाही.”

तिसरा परिच्छेद शक्यतेचा. ‘चारात एक’ किंवा ‘पंचवीस टक्के’ एवढंच लिहिलं की लोक त्याचे दोन चुकीचे अर्थ काढतात. काहींना वाटतं, चार मुलं झाली तर त्यातलं एक नक्की आजारी. काहींना वाटतं, पहिलं आजारी निघालं म्हणजे वाटा संपला, पुढची तीन सुखरूप. म्हणून मी चिठ्ठ्यांनी समजावते. आईच्या हातात दोन चिठ्ठ्या, वडिलांच्या हातात दोन. प्रत्येक गरोदरपणी दोघांनी डोळे मिटून एकेक चिठ्ठी द्यायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्ही चिठ्ठ्या हातात. मागच्या वेळी काय दिलं हे चिठ्ठ्यांना आठवत नाही.

पत्रात मी चारही शक्यता वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या. आईची नेहमीची आणि वडिलांची नेहमीची: मूल वाहकही नाही. आईची सिकलसेलची आणि वडिलांची नेहमीची: मूल आईसारखं वाहक. आईची नेहमीची आणि वडिलांची थॅलेसेमियाची: मूल वडिलांसारखं वाहक. आईची सिकलसेलची आणि वडिलांची थॅलेसेमियाची: मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया. चारही ओळींची शक्यता सारखी. चौथी ओळ मी लहान अक्षरात लिहिली नाही आणि लाल शाईतही नाही. तिच्याखाली लिहिलं, “प्रत्येक गरोदरपणात चारापैकी तीन वेळा मूल या आजारापासून मुक्त असण्याची शक्यता आहे, आणि चारापैकी एक वेळा आजारी असण्याची.” दोन्ही बाजू एकाच वाक्यात ठेवल्या. नुसती एक बाजू लिहिली तर वाचणारा घाबरतो किंवा बेफिकीर होतो.

दोन मुलं हवी आहेत असं ती बोलली होती, म्हणून तोही हिशेब दिला. पहिलं मूल आजारमुक्त असण्याची शक्यता चारात तीन, दुसरं असण्याची पुन्हा चारात तीन. दोन्ही आजारमुक्त असण्याची शक्यता सोळात नऊ, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. हा आकडा अनेक जोडप्यांना धक्का देतो, कारण ‘चारात एक’ ऐकताना दोन मुलांचा विचार कुणी केलेला नसतो. पण निर्णय एका गरोदरपणाचा नसतो, संसाराचा असतो, म्हणून तो सांगायलाच हवा.

चौथा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. “तुम्ही गरोदरपणाआधी आलात, म्हणून तुमच्याकडे वेळ आहे. या वेळात एक काम करून घ्यायचं आहे.” ते काम म्हणजे दोघांची डीएनए तपासणी. बीटा थॅलेसेमिया एकाच बदलामुळे होत नाही, त्या जनुकात अनेक ठिकाणी बदल होऊ शकतात. दादांमध्ये नेमका कुठला आहे हे एचपीएलसीतून कळत नाही. ते कळल्याचे दोन फायदे. एक, काही बदलांत थोडंफार नेहमीचं हिमोग्लोबिन बनतं आणि मुलाचा आजार सौम्य राहू शकतो, काहींत जवळजवळ बनतच नाही. दुसरा, गर्भाची तपासणी करायची तर प्रयोगशाळेला काय शोधायचं ते आधी माहीत हवं. गरोदर राहिल्यावर ही शोधाशोध सुरू केली तर आठवडे हातातून निसटतात. उशिरा आलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्याजवळ पर्याय होते, पण ते वापरायला दिवस उरलेले नव्हते.

नमुने मुंबईला पाठवायची सोय झाली. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे हिमोग्लोबिनच्या आजारांचं डीएनए निदान होतं. याच संस्थेशी जोडलेलं चंद्रपूरचं हिमोग्लोबिन आजारांचं केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं, आणि वणीकडच्या माणसाला चंद्रपूर मुंबईपेक्षा किती जवळ, हे सांगायला नको. दादांचा बदल भारतात सगळ्यात जास्त आढळणारा निघाला, ज्यात नेहमीचं हिमोग्लोबिन फारच थोडं बनतं. पुरवणी पत्रात मी तसंच लिहिलं: “दोन्ही प्रती एकत्र आल्या तर आजार सौम्यच राहील असं आम्ही सांगू शकत नाही.” मुलाला नेमका किती त्रास होईल, हे जनुकं पाहून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. एकाच आईबापांच्या दोन आजारी मुलांतही फरक दिसतो.

पाचव्या परिच्छेदात पर्याय. गरोदर राहून ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा तपासणं, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणं. या तपासणीमुळे गर्भपात होण्याची शक्यता अनुभवी हातात शंभरात एक किंवा त्याहूनही कमी, पण ती आहे, म्हणून लिहिली. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करायला १९९४ चा गर्भलिंग निदानाविषयीचा कायदा परवानगी देतो, पण मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. गर्भ आजारी निघाला तर पुढे काय करायचं ते जोडप्यानं ठरवायचं. २० आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी कायद्यानं एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं आणि संमती त्या स्त्रीची लागते. नवऱ्याची किंवा सासरची सही लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम ताईंना उद्देशून लिहिलं.

दुसरा पर्याय, गर्भाची तपासणी न करता मूल होऊ देणं आणि जन्मानंतर लगेच त्याच्या रक्ताची तपासणी करणं. हा पर्याय पुष्कळ पत्रांत नुसता नावाला असतो, जणू तो निवडणारी माणसं अडाणी. मी त्याला बरोबरीची जागा दिली. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे आजारी बाळही पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. त्या काळात सोल्युबिलिटी चाचणी फसवते, म्हणून एचपीएलसी किंवा डीएनए तपासणीच करायची. आजार आहे हे लवकर कळलं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन सुरू करता येतं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लहान सिकलसेल रुग्णांमध्ये पेनिसिलिनमुळे न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. न्यूमोकॉकसची लस, पुढे डॉक्टरांच्या देखरेखीत हायड्रॉक्सियुरिया, आणि आईला पोटावर हात ठेवून पानथरी वाढली का ते पाहायला शिकवणं, यांनी मुलाच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. ताप आला की घरी वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना, हा नियम पाळावा लागतो. ताईंच्या मामेभावाला यातलं फारसं काही मिळालं नव्हतं. त्याचं दुखणं हेच या आजाराचं एकमेव रूप आहे असं त्या धरून चालल्या होत्या. आजार गंभीर आहे, आयुष्यभराचा आहे, पण आज जन्मणाऱ्या मुलाचं आयुष्य त्याच्यासारखंच जाईल असं मुळीच नाही, हे मी शब्दांत लिहून दिलं.

प्रयोगशाळेत गर्भधारणा करून आधीच भ्रूण तपासण्याचा पर्यायही आहे. तो मोठ्या शहरात मिळतो, खर्च लाखांत जातो आणि गर्भ राहीलच याची खात्री नसते. दत्तक आहे. मूल न होऊ देणं आहे. सगळे लिहिले. कुठल्या पर्यायापुढे ‘आमचा सल्ला’ असं लिहिलं नाही. “यातला कुठलाही निर्णय तुम्ही घेतलात तरी उपचार, तपासणी आणि बोलण्यासाठी आम्ही तुमच्यासोबत आहोत” एवढंच लिहिलं.

पत्र टपालानं पाठवलं नाही. दोघांना बोलावून त्यांच्यासमोर वाचलं, मग त्यांनाच विचारलं, “आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?” दादांनी चिठ्ठ्यांचं सांगितलं, अगदी नीट. मग थांबून म्हणाले, “म्हणजे माह्याकडूनबी अर्धं हाय.” ताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. सोल्युबिलिटीच्या निगेटिव्ह कागदानं जो भार एकटीवर टाकला होता, तो त्या वाक्यानं दोघांत वाटला गेला. घरी आईला ते आपणच सांगतील, असं दादा निघताना म्हणाले.

काही महिन्यांनी ताई सातव्या आठवड्यात आल्या, दोन्ही डीएनए अहवाल पिशवीत घेऊन. वारेची तपासणी करायचं दोघांनी आधीच ठरवलं होतं, तारीख कोणती घ्यावी एवढंच विचारायला आल्या होत्या. तपासणीत काय निघालं ते इथे सांगत नाही. ते त्यांचं आहे. शिवाय निकाल चांगला आला म्हणून पत्र चांगलं, वाईट आला म्हणून फुकट, असं ठरत नाही. चिठ्ठी कुठली पडेल यावर पत्राचा काही जोर नव्हता. योग्य आठवड्यात, योग्य कागद घेऊन, स्वतःचा प्रश्न स्वतः विचारत ताई आल्या, एवढंच पत्राच्या हातात होतं.

पत्राचा शेवटचा परिच्छेद नातेवाइकांसाठी होता. वाहकाची सख्खी भावंडंही वाहक असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. त्यांना सांगायचं की नाही, हे जोडप्यानं ठरवायचं. आम्ही परस्पर कुणाला कळवत नाही. दादांनी धाकट्या भावाला आणलं. त्याचं लग्न ठरत होतं आणि त्याच्याकडेही निगेटिव्ह सोल्युबिलिटीचा कागद होता. त्याची आणि होणाऱ्या बायकोची, दोघांचीही रक्तगणना आणि एचपीएलसी केली. तेव्हापासून एक जण सिकलसेलचा वाहक असेल तर जोडीदाराच्या निगेटिव्ह कागदावर मी थांबत नाही. पेशीचा आकार आणि ‘ए२’ची टक्केवारी पाहते, मगच पत्र लिहायला घेते.